रुपयातले चार आणे

मुरुडच्या बाजारात १९२९ साली कुणाला विचारलं असतं की गावात पैशाने सगळ्यात निर्धास्त नोकरदार कोण, तर लोकांनी अब्दुस्समदकडे बोट दाखवलं असतं. बोट दाखवायचं काम त्याने स्वतःच सोपं करून ठेवलं होतं. नारळ-सुपारीच्या वखारीत तो कारकून. पगार अठ्ठेचाळीस रुपये. चहाच्या दुकानात बसला की दुसऱ्या घोटाला सुरुवात व्हायची, "आपण रुपयातले चार आणे बाजूला टाकतो. आणि कर्ज म्हणशील तर एक पैसा न्हाय." मी तिथल्या शाळेत मास्तर, त्याचा शेजारी. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की माझ्या कानांत ते अजून सलतं.

चार आणे म्हणजे महिन्याचे बारा रुपये. ते जात भिशीत. आम्ही वीस जण दर महिन्याला बारा-बारा रुपये काढायचो आणि जमलेले दोनशे चाळीस एकाला द्यायचो. वीस महिन्यांत प्रत्येकाची पाळी येऊन जायची. व्याज नाही, कागद नाही. म्होरक्या नुरुद्दीन, जहाजावरचा निवृत्त सारंग, त्याचा शब्द हाच कागद. पाळी चिठ्ठीने ठरायची, पण कुणाला निकड असेल तर त्याला आधी द्यायची रीत होती. अब्दुस्समदला नेहमी निकड असायची. एक भिशी संपली की दुसरी, आणि दर वेळी पहिल्या दोन-तीन उचलींत हा. त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर, भिशीच्या तिसऱ्या महिन्यात उचलून त्याने घरावर मंगलोरी कौलं घातली. पुढे सतरा महिने बारा रुपये भरत राहायचे होते आणि तो त्याला बचत म्हणत होता. भिशीत शेवटी उचलणारा बचत करतो, आधी उचलणारा कर्ज फेडतो. हे आम्हा वीस जणांपैकी एकालाही कधी बोलून दाखवावंसं वाटलं नाही. नवी कौलं दिसत होती ना, मग झालं.

त्याची बायको महेरुन्निसा. मी तिला भाभी म्हणायचो. बारीक चणीची, कमी बोलणारी. अब्दुस्समद बाजारात थोरपणा करायचा आणि ती घरात तो निस्तरायची. निकाहात मेहेर म्हणून तिला सोन्याच्या चार बांगड्या मिळाल्या होत्या. रोज हातात काच, सोनं पेटीत. मेहेर बाईचा स्वतःचा असतो, नवऱ्याचा त्यावर हक्क नाही, हे अब्दुस्समद मला मोठ्या अभिमानाने समजावून सांगायचा.

त्या दिवाळीनंतर एका मचव्याचा चौथा हिस्सा विकायला निघाला. मुंबईला नारळ नेणारा चांगला मचवा, दीडशे रुपयांत हिस्सा. अब्दुस्समदने जन्मभर दुसऱ्याच्या मालाच्या पावत्या लिहिल्या होत्या. आता आपला स्वतःचा माल, आपली स्वतःची नाव, या विचाराने त्याची झोप उडाली. हातात रोकड नव्हती. बचत करणाऱ्याकडे रोकड का नाही, हा प्रश्न त्याला पडला नाही. त्याला आठवल्या त्या बांगड्या.

भाभीने नाही म्हटलं नाही. ती म्हणाली, "देईन. पण वलीभाईनं एकदा हिशोब करावा. रुपयामागे एक आणा जरी खरा शिलकीला पडत असंल, तर बांगड्या तुमच्या."

अब्दुस्समद हसला. चार आणे टाकणाऱ्याला एका आण्याची परीक्षा. त्याने होकार दिला, आणि साक्षीला नुरुद्दीनला आणि मलाही बोलावलं. आपली वाहवा ऐकायला माणसं असावीत, ही त्याची हौस.

वली हा भाभीचा थोरला भाऊ. अलिबागला एका पतपेढीत हिशोबनीस होता. कोरडा माणूस. कर्ज मागायला येणाऱ्याला पेढीत दोनच गोष्टी विचारत. तुझ्या रुपयातले किती आणे शिल्लक राहतात, आणि किती आणे जुन्या देण्यात जातात. देण्यात पाच आण्यांच्या वर जात असतील तर माणसाला दारातून परत पाठवत.

जुम्म्याची नमाज आटोपून आम्ही त्यांच्या ओट्यावर बसलो. भाभी दाराच्या पडद्यामागे. वलीने माझ्याकडून खडू घेतला आणि शहाबादी फरशीवर अठ्ठेचाळीस लिहिले.

"तीन रुपये म्हंजे रुपयामागं एक आणा," तो म्हणाला. "आता बोल. देणं किती?"

"देणं न्हायच."

"भिशी उचललीस?"

"उचलली. पण ती भिशी हाय, कर्ज न्हाय."

"पैसे आधी घेतलेस, आता भरतोस. याला काय म्हणायचं ते तू म्हण. मी देणं लिहितो. बारा." त्याने लिहिलं. "सतरा महिने बाकी, दोनशेचार. आणखी?"

अब्दुस्समद नुरुद्दीनकडे बघायला लागला. नुरुद्दीन पान लावत होता.

"तुझ्या बहिणीच्या नवऱ्याचे तीनशे घेतले होते ना?" वलीने विचारलं.

"ते बिनव्याजी. घरचे. त्याला कोण कर्ज म्हणतं?"

"महिना काय देतोस?"

"सहा. दोनशेचाळीस राह्यले."

"आणि कापडवाला?"

"त्याला तीन. छत्तीस हायत."

वलीने बेरीज केली. महिन्याचे एकवीस. सगळं मिळून देणं चारशे ऐंशी. "रुपयातले सात आणे देण्यात जातात," तो म्हणाला. "दहा महिने न खाता-पिता पगार दिलास तर मोकळा होशील. आमच्या पेढीत तुला दारातनं परत धाडतील."

मला सांगायला लाज वाटत नाही, मला बरं वाटलं. इतकी वर्षं ते चार आणे ऐकले होते. नुरुद्दीनच्या मिशीतही हसू होतं. माणूस पडताना बघायला आम्ही नाहीतरी आतुरच असतो.

अब्दुस्समदचा आवाज बारीक झाला. "पण ते चार आणे तर मी टाकतोच ना? देणं फिटतंय, ते वाया जातंय काय?"

"वाया न्हाय जात. पण ती कालच्या खर्चाची भरपाई. उद्याची शिल्लक न्हवं. उद्या तुझी नोकरी गेली तर त्या बारा रुपयांतला एक तुझ्या हाताला लागणार न्हाय, उलट बारा मागायला नुरुद्दीनचाचा दारात येतील. आता घरखर्च सांग."

घरखर्च अब्दुस्समदला माहीत नव्हता. पडद्यामागून भाभीने सांगितला. तांदूळ, तेल, मासळी, दुखणीखुपणी, ईदेचं धरून महिन्याला तीस. तिचा आवाज स्थिर होता. आता निकाल लागणार आणि बांगड्यांचा विषय संपणार, असंच तिला वाटत असावं.

"तीस आणि एकवीस, एकावन्न," वली म्हणाला. "पगार अठ्ठेचाळीस. रुपयामागं एक आणा तूट. शिल्लक चार आणे न्हाय, उणे एक." मग तो थांबला. हिशोबनिसाची खोड. तूट लिहून त्याला उठवेना. "हे तीन रुपये महिन्याला येतात कुठनं? वाण्याची उधारी दिसत न्हाय."

प्रश्न पडद्याकडे होता. वलीने पुन्हा विचारलं. बहीण आहे, चार माणसं आहेत, सोडून द्यावं, एवढं त्याला कळलं नाही. किंवा कळलं आणि हिशोब अर्धा ठेवणं त्याला जास्त लाजिरवाणं वाटलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर भाभी म्हणाली, "बांगड्या विकल्या. एकेक करून. चार वरसं झाली."

म्हणून ती परीक्षा होती. तिला बांगड्या द्यायच्या नव्हत्या असं नाही. तिच्याकडे त्या नव्हत्याच. आणि नवऱ्याला तोंडावर 'तुझ्या पगारात भागत नाही' असं सांगायची तिची छाती नव्हती, म्हणून तिने ते आकड्यांकडून वदवून घ्यायचं ठरवलं होतं. पण आकडे तिच्या दारापाशी येऊन थांबले नाहीत.

अब्दुस्समद उठला. मला वाटलं रडेल. तो पडद्याकडे तोंड करून शांतपणे म्हणाला, "माझ्या घरात चार वरसं चोरी चालली होती तर."

नुरुद्दीनने लावलेलं पान तोंडात टाकलं. मी फरशीवरचे आकडे पुन्हा वाचले. मेहेर तिचा होता. तो त्याच्या घरखर्चात गेला, म्हणजे त्याच्यावर तिचं देणं झालं. महिन्याची तूट तीन, म्हणजे वर्षाला एक बांगडी छत्तीसला, चारींचे एकशे चव्वेचाळीस. खरं देणं चारशे ऐंशी नव्हे, सहाशे चोवीस, दहा नव्हे, तेरा महिन्यांचा पगार. इतका काटेकोर वली, सख्खा भाऊ, त्याने कापडवाल्याचे छत्तीस लिहिले आणि बहिणीचे लिहिले नाहीत. त्याने खडू मला परत दिला आणि अलिबागला जायला उठला.

अब्दुस्समद त्या दिवसानंतर बदलला, आणि गावाच्या मते सुधारला. भिशीत तो पुन्हा आधी उचलायला गेला नाही. चहाचं दुकान सुटलं. घरखर्च तीसचा वीसवर आणला. कसा आणला ते मी भिंतीपलीकडून ऐकत होतो. भाभीच्या हातात तो पैसा ठेवीत नसे. सकाळी तांदूळ मापून द्यायचा, तेल मापून द्यायचं, आणि संध्याकाळी विचारायचं, किती उरलं. काड्यापेटीसाठी तिला कारण सांगावं लागे. एका पावसाळ्यात तिला ताप भरला, तेव्हा वैद्याचे दीड रुपये पुढच्या महिन्याच्या मासळीतून वळते झाले. तोंडाने तो तिला कधी वाईट बोलला नाही. फक्त "चोरीची सवय" एवढे दोन शब्द अधूनमधून टाकायचा, मीठ कमी पडलं तरी.

देणं फिटलं. पुढच्या भिशीत तो शेवटची पाळी घेऊ लागला, आणि मग खरोखर रुपयातले चार आणे बाजूला पडू लागले. वली एकदा आला तेव्हा त्याने आपणहून हिशोब मांडून दाखवला. देणं शून्य, शिल्लक चार आणे. "आता घर निरोगी हाय," वली म्हणाला. आत त्याची बहीण बसली होती, गळ्याची हाडं मोजावीत अशी. तो हिशोब बरोबर होता, हे मी नाकारत नाही.

छत्तीस साली अब्दुस्समदने एका मचव्याचा चौथा हिस्सा रोख घेतला. त्या दिवशी त्याने आम्हाला पुन्हा ओट्यावर बोलावलं, चहा दिला. भाभी आता पडदा करीत नसे. म्हातारीसारखी दाराशी टेकून उभी होती. सगळे मुबारक म्हणून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "ह्याच्यात माझं काय हाय काय? त्या बांगड्यांचं?"

अब्दुस्समद रागावला नाही. त्याने खरंच विचार केला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो, तो मनात मांडणी करत होता, कुठली रक्कम कुठे गेली ती.

"न्हाय," तो म्हणाला. "त्या खर्चात गेल्या. खाल्लेल्याचा हिस्सा नसतो."

भाभीने मान हलवली, आणि आमच्या कपबश्या उचलायला वाकली.