टकटक न काढलेला धडा

आमच्या ऑनलाइन कोर्सचा पहिला व्हिडिओ साडेदहा मिनिटांचा झाला होता. त्यातली पहिली तीन मिनिटं संस्थेच्या अध्यक्षांच्या शुभेच्छांची. शुभेच्छांच्या मागे सनई आणि सनईच्या मागे गोल गोल फिरणारं बोधचिन्ह. पंप कसा सुरू करायचा हे शिकायला बसलेल्या माणसाला चौथ्या मिनिटापर्यंत पंप दिसतच नव्हता.

बोईसरला कारखान्यांच्या लगत आमची तंत्रशिक्षणाची एक लहानशी संस्था आहे. मी तिथे शिकवतो. कारखान्यातल्या पाळीमुळे वर्गात येऊ न शकणाऱ्या कामगारांसाठी हा कोर्स निघाला. धडा मोबाइलवर बघायचा आणि शनिवारी कार्यशाळेत येऊन हाताने करून दाखवायचं. पंपाचा धडा आम्ही दादांना सांगायला लावला. दादा केळव्याजवळच्या कोळीवाड्यातले. घरची होडी भावाकडे सोपवून ते तारापूरला कारखान्यात लागले, आणि आयुष्यभर पंप चालवून आता निवृत्त झाले होते.

प्राचार्यांना त्यांचा आवाज पसंत नव्हता. "माणूस जाणकार आहे, पण बोलणं गावठी," असं म्हणून त्यांनी एका व्यावसायिक निवेदकाचा नमुना ऐकवला. त्या आवाजात पंपसुद्धा लग्नाला निघाल्यासारखा वाटत होता. मी वाद घातला. शेवटी ठरलं असं: शनिवारी एका नव्या विद्यार्थिनीने दादांचा व्हिडिओ बघून पाण्याचा पंप नीट सुरू केला, तर दादांचा आवाज राहील. नाहीतर सगळे धडे निवेदकाकडे जातील.

दादांना हे मी सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "पोरीला पंप जमला पायजे. आवाज कोनाचा का असंना."

पण त्यांचा चेहरा तसं म्हणत नव्हता.

ध्वनिमुद्रण माझ्या बेटेगावच्या घरी झालं. खिडकीला दोन गोधड्या, पंखा बंद, मोबाइल पुस्तकांच्या चळतीवर. स्लाइड पडद्यावर बघत बोलायला दादांनी साफ नकार दिला, म्हणून मी त्या कागदावर छापून समोर ठेवल्या. ते एका हातात पेन्सिल धरून बोलायचे. आधी चित्रातल्या झडपेवर पेन्सिल टक् करून आपटायची, मग क्षणभर थांबायचं, मग वाक्य. टक्. "ही आदी पुरी उघडायची." टक्. "ही बंद हाय का बगा."

पुढचं काम माझं. सतरा ओळींची एक स्लाइड होती, ती फोडून पाच केल्या. एका चित्रात एकच पायरी. अक्षरं लहान मोबाइलवर वाचता येतील एवढी मोठी केली. स्लाइड चित्रांच्या रूपात काढून घेतल्या, संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये आवाजाच्या पट्टीवर ओळीने मांडल्या आणि वाक्य जिथे बदलतं तिथे चित्र बदललं. दादा बोलायच्या आधीच्या शांततेचा नमुना घेऊन मागची घरघर कमी केली.

मग मला शहाणपण सुचलं. आवाजाच्या आलेखात प्रत्येक टक् म्हणजे एक उंच उभी रेघ दिसत होती. मी त्या रेघा एकेक करून कापल्या, त्यांच्यामागचं थांबणंही कापलं. दादांचं बोलणं सलग झालं, गुळगुळीत झालं. प्राचार्यांनी ऐकून "आता कसं!" म्हटलं. मला आनंद झाला, तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

शनिवारी आली ती डोंगराकडच्या एका पाड्यावरची मुलगी. कारखान्यात पॅकिंगचं काम करायची, ऑपरेटर व्हायचं होतं. तिने व्हिडिओ दोनदा बघितला. मग पंपाशी गेली, एक झडप बंद केली, दुसरी उघडी ठेवली आणि बटण दाबलं.

पंप पाण्याऐवजी खडे चघळत असल्यासारखा वाजायला लागला. दादांनी तीन ढांगांत जाऊन मोटर बंद केली. तिने पाणी आत येणारी झडप बंद केली होती आणि बाहेर जाणारी उघडी ठेवली होती. नेमकं उलटं.

"काय गं," प्राचार्य म्हणाले, "व्हिडिओ बघितलास ना?"

"बगितला की, सर. काका 'ही उघडायची, ही बंद' बोलतात. पन चित्रात दोन झडपा. ही म्हंजे कंची?"

दादा माझ्याकडे बघत म्हणाले, "मी हात लावून बोललो हाय. लावल्याबिगर मी कदीच बोलत नाय."

मग त्यांनीच समजावलं. त्यांच्या कारखान्यात जुन्या लोकांची रीत होती: झडपेला आधी हात लावायचा, मग तिचं नाव तोंडाने घ्यायचं, मग फिरवायची. हाताखाली जी आहे तीच तोंडात आहे ना, हे त्यातून तपासलं जायचं. कागदावर त्यांचा हात म्हणजे पेन्सिल होती. आणि मी त्यांचा हात कापून टाकला होता. स्वच्छ आवाजाच्या नावाखाली.

मूळ फाइल मी ठेवली होती, एवढंच माझ्या बाजूने म्हणता येईल. प्राचार्यांकडे आणखी एक शनिवार मागितला. निवेदकाचं मानधन अजून मंजूर व्हायचं होतं, म्हणून त्यांनी तो दिला.

या वेळी मी मूळ आवाजापासून सुरुवात केली. घरघर तेवढी काढली. टक् आणि थांबणं जिथल्या तिथे राहू दिलं. आलेखातल्या त्याच उभ्या रेघांवर खुणा केल्या आणि प्रत्येक खुणेला चित्रात एक पिवळं वर्तुळ उमटवलं, दादांची पेन्सिल जिथे पडली असेल त्या झडपेभोवती. कोणती टक् कुठली, हे विचारायला दादांनाच शेजारी बसवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि एकही चुकवली नाही. वाक्य संपेपर्यंत वर्तुळ राहील, दुसऱ्या टक्ला दुसरीकडे जाईल, तेवढ्या वेळात बाकीचं चित्र फिकट होईल. खाली बोललेले शब्द अक्षरांत दिले आणि त्यात 'ही'च्या पुढे झडपेचं नाव लिहिलं. सनई काढली. अध्यक्षांच्या शुभेच्छांचा वेगळा व्हिडिओ करून कोर्सच्या अगदी शेवटी ठेवला. तो अजून कुणी पूर्ण बघितल्याची नोंद नाही. मग सगळ्याचा एक व्हिडिओ करून तो सगळ्यात स्वस्त मोबाइलवर, त्याच्याच स्पीकरवर ऐकला, कारण आमचे विद्यार्थी तसंच ऐकतात. सव्वाआठ मिनिटं झाली आणि त्यातली सगळी पंपाची.

दुसऱ्या शनिवारी तीच मुलगी. या वेळी तिने व्हिडिओ एकदाच बघितला. दादा हात मागे बांधून भिंतीशी उभे होते. इतका ताठ उभा राहिलेला माणूस मी ध्वजवंदनालाही पाहिला नाही.

ती पंपाशी गेली. पाणी आत येणाऱ्या झडपेवर बोटाने टक् केलं, क्षणभर थांबली, "ही सक्शन," म्हणाली आणि पूर्ण उघडली. वरची बारीक तोटी सोडून आतली हवा काढली, पाण्याची धार लागल्यावर बंद केली. बाहेर जाणाऱ्या झडपेवर टक्. "ही डिस्चार्ज, बंद हाय." बटण दाबलं. दाबाचा काटा वर चढला. मग तिने ती झडप हळूहळू उघडली आणि टाकीत पाणी पडायला लागलं, एकसारखं, खडे न चघळता.

झडपेला बोट लावायचं हे आम्ही तिला कुठेच सांगितलं नव्हतं. धड्यात तसं एकही वाक्य नाही. ते तिने टक् ऐकून उचललं होतं.

प्राचार्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पुढच्या सगळ्या धड्यांत "ही आपली टकटकीची शैली" असावी असं जाहीर केलं. शैली! असो; निवेदक टळला होता.

दादा पंपाजवळ गेले. कान लावून आवाज ऐकला. मग मुलीला म्हणाले, "बाय, कोनी शिकवलं ग तुला?"

"तुमीच की, काका."

दादांनी माझ्याकडे वळून पाहिलं आणि खिशातली पेन्सिल काढून माझ्या हातात दिली. "पुढच्या धड्याला नवीन लागंल," म्हणाले. "हिची टोकं झिजलीत."

नवीन मी दिली. जुनी माझ्या टेबलावर आहे, दोन्ही टोकं बोथट. संस्थेत आलेले पाहुणे तिच्याकडे बघत नाहीत. ते पडद्यावर फिरणाऱ्या बोधचिन्हाचं कौतुक करतात.