दगूबाईंच्या डाव्या कप्प्यातला दाब

रनाळ्याच्या दगूबाई पाटील माझ्या वर्गात आल्या त्या पेशंट म्हणून. मी नंदुरबारला मेडिकलच्या पहिल्या वर्षाला शरीरक्रियाशास्त्र शिकवते. पहिल्या वर्षापासूनच मुलांना खऱ्या माणसासमोर उभं करायचं, असा आता अभ्यासक्रमात नियम आहे. हृदयाचं चक्र शिकवून झालं होतं, म्हणून मेडिसिनच्या डॉक्टरांना मी एखादा झडपेचा पेशंट मागितला. त्यांनी दगूबाईंना विचारलं, आणि त्या हो म्हणाल्या.

वय बेचाळीस. नऊवारी नेटकी, अंग सडपातळ, गालांवर किंचित जांभळट लाली. लहानपणी गळा दुखून मागाहून त्यांचे गुडघे सुजले होते, ताप महिनाभर हटला नव्हता. तेव्हाच्या त्या तापाने हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप आखडली होती, हे मात्र चाळिशीत कळलं. घरी सात एकर कापूस, दोन म्हशी, नवरा भिला. चारा आणायला गेलं की बांधावर दोनदा बसावं लागायचं. डॉक्टरांनी गोळी दिली होती आणि नाशिकला जाऊन फुग्याने झडप रुंद करून घ्या, असंही सांगितलं होतं. दगूबाईंनी गोळी महिन्याभरात बंद केली. नाशिकचं नावही काढू देत नव्हत्या.

मुलांनी आळीपाळीने स्टेथोस्कोप लावला. दोन ठोक्यांच्या मधल्या शांत वेळात खोल, घरघरता आवाज होता. पुनीत सगळ्यात हुशार. तो घडाघडा बोलू लागला, "डाव्या निलयातला, म्हणजे खालच्या कप्प्यातला दाब वरच्या अलिंदापेक्षा वाढला की मायट्रल झडप मिटते, पहिला ठोका. निलयाचा दाब ऐंशीच्या वर गेला की महाधमनीची झडप उघडते, रक्त बाहेर पडतं. मग दाब घसरतो, ती झडप मिटते, दुसरा ठोका. दाब अलिंदाच्याही खाली गेला की मायट्रल पुन्हा उघडते." सगळं बरोबर होतं.

दगूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळल्या. "ताई, पोऱ्या हुशार शे. पन माले एक सांगा. बठेल राहू तव्हय काही नही. जरा घाई करी का दम भराले लागस. आन् ती गोळी तर मन्हं काळीज आखो धिमं करस. दमेल माणूसनं काळीज धिमं कसाले करानं?"

सोळा मुलं. काहींनी वह्या चाळल्या. पुनीतने वही उघडली आणि मिटली. उत्तर मला येत होतं, पण मी दिलं नाही. ज्यांच्यासमोर दगूबाईंनी छाती उघडी केली होती, त्यांनीच ते द्यायला हवं होतं. मी म्हणाले, "दगूबाई, आठ दिवसांनी याल? ही मुलं सांगतील."

"येसू," त्या म्हणाल्या. "पन मन्ह्या भाषामा सांगा."

त्या गेल्यावर आम्ही फळ्याकडे वळलो. फळ्यावर दाबाच्या रेषा काढल्या होत्याच, प्रत्येक ठोक्याला चढून उतरणाऱ्या. मुलांनी त्या पाठ केल्या होत्या, मीच करून घेतल्या होत्या. त्या रेषा मिनिटाला बहात्तर ठोक्यांच्या होत्या. मी म्हणाले, "आता एकशेवीसने काढा." जामसिंग उठला. धडगावकडच्या डोंगरातला, घरी पावरी बोलणारा मुलगा, वर्गात फारसा तोंड उघडत नसे. त्याने हिशोब मांडला. बहात्तरला एक चक्र सुमारे आठ दशांश सेकंदाचं. त्यातला तीन दशांश आकुंचनाचा, पाच दशांश सैल राहण्याचा. एकशेवीसला सगळं चक्रच अर्ध्या सेकंदात उरकायचं. आकुंचन थोडंसंच आखडतं. सैल राहण्याचा वेळ मात्र निम्म्यावर येतो.

खडू हातात तसाच ठेवून तो म्हणाला, "मॅडम, कापला जातो तो भरण्याचा वेळ."

आठ दिवसांनी दगूबाई आल्या, भिला सोबत होते. जामसिंग समोर बसला. त्याने फळा वापरला नाही. त्यांची बोटं त्यांच्याच मनगटावर ठेवली.

"मावशी, काळीज दाबतं आणि सैल होतं. सैल असतं तेव्हा वरच्या कप्प्यातलं रक्त खालच्या कप्प्यात उतरतं. मधली झडप चांगली असली तर ते पटकन उतरतं. तुमची झडप अर्धीच उघडते. रक्ताला उतरायला वेळ लागतो."

"मग?"

"तुम्ही घाई केली की काळीज पळतं. दाबण्याचा वेळ ते फारसा सोडत नाही. सैल राहण्याचाच वेळ सोडतं. रक्त पुरतं उतरत नाही."

"मंग ऱ्हायेल रगत कोठे जास?"

"वरच तुंबतं. वरच्या कप्प्यात दाब वाढतो. त्याच्या मागे फुप्फुसं आहेत, तिथपर्यंत तो दाब पोहोचतो. तोच तुमचा दम. गोळी काळजाला पळू देत नाही, म्हणजे भरायला वेळ मिळतो."

दगूबाई मनगटावरचे ठोके मोजू लागल्या. भिला हळूच म्हणाले, "चाल, समजनं ना?" त्या हलल्या नाहीत.

"मन्ही मोठी बहीण व्हती," त्या म्हणाल्या. "तिले बी आसाच दम. पोटमा पोर व्हतं. सातवा महिनापासून तिले आडवं व्हता ये नही, रातभर उशा लाईसन बठी ऱ्हाये. सासू म्हने, नखरा शेत." बोटं पुन्हा मनगटावर दाबली. "तिन्हं काळीज बी पळे का? पोटमा पोर ऱ्हायनं म्हंजे?"

जामसिंगने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या जागी बोलले. "गरोदरपणात रक्त वाढतं आणि काळीजही जोरात चालतं, दगूबाई. झडप अशी आखडलेली असेल तर सोसत नाही. पण तुमच्या बहिणीची झडप कोणी तपासली नव्हती. नक्की तसंच होतं, असं मी सांगू शकत नाही."

"तिन्हं कोनी ऐकंच नही," दगूबाई म्हणाल्या. कोणावर राग नव्हता त्यात. पोर तरी वाचलं होतं का, हे मी विचारलं. त्यांनी मान हलवली, नाही.

मुलांपैकी कुणीच त्या दिवशी स्टेथोस्कोप कानाला लावला नाही. त्या उठल्या, पदर सारखा केला, आणि भिलांना म्हणाल्या, "नाशिकले फोन लाव."

नाशिकच्या डॉक्टरांनी दगूबाईंना विचारून दाबाच्या नोंदी मला पाठवल्या. मांडीच्या नसेतून नळी वर नेऊन त्यांनी वरचा डावा कप्पा गाठला होता. झडप फुगवण्याआधी तिथला सरासरी दाब सव्वीस, झडप फुगवल्यावर अकरा. निरोगी माणसाचा दहाच्या आतबाहेर असतो. मी दोन्ही आलेख वर्गाला दाखवले. पहिल्यात खालचा कप्पा सैल असतानाही वरच्या कप्प्याची रेषा उंच अडकून राहिली होती. खालच्या रेषेशी तिचं अंतर मिटतच नव्हतं. दुसऱ्यात दोन्ही रेषा जवळजवळ एकमेकींवर आल्या होत्या. पुनीत म्हणाला, "मॅडम, ही रेषा मला आता पाठ करावी लागणार नाही."

दगूबाईंनी गोळी पुन्हा सुरू केली. तो लहानपणचा ताप पुन्हा उलटू नये म्हणून दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायला त्या स्वतः एसटीने येतात. झडप पुन्हा आखडू शकते, हे त्यांना सांगितलंय. त्या ऐकतात आणि पुढची तारीख विचारतात.

मागच्या आठवड्यात रनाळ्याहून त्यांचा फोन आला. शेजारच्या नऊ वर्षांच्या मुलीचा गळा दुखत होता, आणि आता गुडघा सुजला होता. घरचे म्हणत होते, पडली असेल. "मी तिले घीसन येस," दगूबाई म्हणाल्या. "तुम्ही आज दवाखानामा शेत ना?"

मी होते.