फोनवरचा त्रिकोण आणि माझा मेमो

बटणांच्या फोनचे दिवस होते. मी बीडला एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळायची. एक दिवस टेबलावरचा माझा फोन साहेबांनी उचलला. पडद्याच्या कोपऱ्यात छोटा त्रिकोण दिसत होता.

"हे रोमिंग आहे बाई. म्हणजे सिम बाहेरचं. तुम्ही रोज जाऊन-येऊन करता, नियमाप्रमाणे मुख्यालयी, नेमणुकीच्या गावी, राहत नाही."

"साहेब, मी कचेरीमागच्या गल्लीत राहते. सिम इथूनच घेतलंय."

"मग फोन खोटं सांगतो का?"

दुपारी मेमो हातात पडला. तीन दिवसांत खुलासा द्या. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "माफी लिहून दे, विषय संपव." ज्याची चूकच नाही त्याची माफी मी लिहिणार नव्हते.

संध्याकाळी बसस्टँडजवळच्या मोबाइल दुकानात गेले. तिथं पोचेपर्यंत त्रिकोण गायब! दुकानदार हसला.

"ताई, तुमच्या कंपनीचा टावर इकडं हाय, कचेरीकडं न्हाई. तिकडं तिनं दुसऱ्या कंपनीचा टावर करारानं वापरायला घेतलाय. प्रत्येक टावर आपल्या कंपनीचा नंबर सांगतो. सिममधल्या नंबराशी तो जुळला न्हाई, की फोन त्रिकोण दाखवतो. तुमी गावात हाय का परगावात, ते त्याला काय कळतंय?"

"जादा पैसे कापतात?"

"न्हाई. आपल्याच सर्कलमध्ये, म्हंजे महाराष्ट्रातच हाय ना. पैसे कंपनी ठरवती, त्रिकोण न्हाई."

तो टॉवर कुणाचा, तेही त्यानं सांगितलं. साहेबांचं सिम त्याच कंपनीचं होतं.

सकाळी मी खुलासा न घेताच साहेबांसमोर उभी राहिले. "साहेब, पाच मिनिटं तुमचा फोन द्या. दोघांची सिमं बदलून बघू."

"मला शिकवता?"

"मेमो तुम्ही दिलाय. खात्रीही तुम्हीच करा."

मी मागे सरले नाही. अखेर त्यांनी फोन पुढे सरकवला. दोन्ही फोन बंद केले, बॅटऱ्या काढल्या, सिमं बदलली. माझं सिम घातलेल्या त्यांच्या फोनवर थोड्या वेळानं त्रिकोण उमटला. त्यांचं सिम घातलेला माझा फोन मात्र कोरा.

"आता साहेब, तुम्ही मुख्यालयी नाही का?"

साहेबांनी दोन्ही पडदे शेजारी धरून ताडून पाहिले. मग म्हणाले, "ठीक आहे. जा तुम्ही."

"जाते. पण मेमो लेखी दिलाय, परतही लेखीच घ्या."

"लई ताठ आहात," ते पुटपुटले.

दोन दिवस काही आलं नाही. मी रोज जाऊन विचारलं. तिसऱ्या दिवशी एका ओळीचा कागद आला: मेमो मागे घेण्यात येत आहे. कारण लिहिलेलं नव्हतं, दिलगिरीही नव्हती. मी त्यावर आवक क्रमांक टाकला, शिक्का मारला आणि एक प्रत घरी नेली.