गुपचूप नोकरीशोधाचा जाहीर सत्कार

आमच्या वसमतमध्ये माणसाचं काहीही चांगलं झालं की त्याच्या गळ्यात शाल पडते. पोरगं दहावी पास झालं, शाल. बदली झाली, शाल. बदली रद्द झाली, तरी शाल. अशा गावात बुद्धभूषणने चोरून नोकरी शोधायचं ठरवलं, तिथेच त्याचं गणित चुकलं. निम्मी चूक माझी होती, हे आधीच कबूल करतो. मी इथे कॉम्प्युटर क्लास चालवतो आणि सहा वर्षांपूर्वी हा शेजारच्या हट्टा गावचा पोरगा माझ्याच क्लासात लिंक्डइन शिकला. तेव्हा मी फळ्यावर लिहिलं होतं, सगळी बटणं चालू ठेवा, जगाला कळू द्या. जगात स्वतःचा साहेबही असतो, हे काही मी लिहिलं नव्हतं.

बुद्धभूषण हळदीच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत होता. हळदीचा ओलावा मोजायचा, तिच्यातलं रंगद्रव्य कुरकुमीन तपासायचं, माल पास की नापास ते ठरवायचं. हे काम क्वालिटी इन्चार्जचं. पण इन्चार्जची खुर्ची चार वर्षं रिकामी होती, कारण ‘वरून माणूस येणार’ होता. माणूस काही येईना, म्हणून काम बुद्धभूषण करायचा आणि कागदावर मात्र लॅब असिस्टंट राहायचा. मॅनेजर सोमेश्वरराव त्याला प्रेमाने ‘आपला हिरा’ म्हणत. हिऱ्याला पगारवाढ लागत नाही, असा त्यांचा समज असावा.

नाशिकच्या एका मसाला कंपनीत इन्चार्जची जागा निघाली. बुद्धभूषणने अर्ज केला आणि सोमवारी व्हिडिओवर मुलाखत ठरली. आता एकच भीती होती. सोमेश्वररावांना सुगावा लागला तर अनुभवपत्र अडकणार. त्याच्या आधीचा स्वप्निल नोकरी सोडून गेला, तर बिचारा त्या एका कागदासाठी आठ महिने हेलपाटे घालत होता. नाशिकवाल्यांना तर जबाबदारीच्या कामाचा लेखी पुरावा हवा होता.

तो माझ्याकडे आला. “सर, माझं खातं झाकून टाका. साहेबाला कळलं तर मेलो.”

मी चहा सांगितला आणि घाईत होतो म्हणून एकच गोष्ट दाखवली. दुसऱ्याचं प्रोफाइल उघडलं की त्याला आपलं नाव दिसतं. सेटिंगमध्ये जाऊन पाहण्याची पद्धत ‘प्रायव्हेट’ केली की नाव दिसत नाही. बदल्यात आपलं प्रोफाइल कोण पाहून गेलं, हे आपल्यालाही दिसत नाही. फुकटच्या खात्याला हा दंड आहेच. बुद्धभूषणने ते केलं आणि एकदम निर्धास्त झाला. त्याला वाटलं, आपण आता नखशिखांत अदृश्य. अहो, बुरखा फक्त डोकावण्यापुरता होता! आपण काय बदललं याची दवंडी पिटणारं बटण वेगळंच असतं, आणि ते मी सहा वर्षांपूर्वी स्वतः चालू करायला लावलं होतं. ते बंद करायला सांगायचं मी विसरलो. चहा मात्र विसरलो नाही.

गुरुवारी दुपारी त्याने प्रोफाइल ठीकठाक केलं. लॅब असिस्टंटच्या वर नवं पद टाकलं, ‘क्वालिटी इन्चार्ज’. खोटं नव्हतंच ते. फॉर्मने विचारलं, कधीपासून? बिचारा अडला. पद कोणी दिलंच नव्हतं, मग तारीख कुठली टाकणार? त्याने चालू महिना टाकला आणि सेव्ह केलं.

पाचच मिनिटांत कारखान्यातल्या तीसेक जणांच्या फोनवर आलं, बुद्धभूषण यांना नव्या पदाबद्दल शुभेच्छा द्या. सगळेच त्याच्या यादीत होते, कारण एकमेकांना जोडून घ्या अन् मालकांच्या पोस्टला लाइक करा, असा कंपनीचा हुकूम होता. कोणी अंगठा दिला, कोणी पेढे मागितले. कधी, कसं, हे कोणीच विचारलं नाही, कारण आमच्याकडे अभिनंदन आधी आणि चौकशी मागून असते.

शुक्रवारी सकाळी त्याला बोलावणं आलं. ऑफिसात नारळ, शाल, गुच्छ, सगळं हजर. सोमेश्वरराव खुर्चीतून उठले. चेहरा असा, की नारळ हातात द्यायचा की डोक्यात घालायचा ते ठरलेलं नाही.

“मंडळी, आपल्या कंपनीत प्रमोशन झालं, अन् कंपनीलाच पत्ता न्हाई! बुद्धभूषण, काहून रे, आमाला न सांगता मोठा झाला व्हय?”

सगळे हसले. नोकरी शोधतोय हे कळलं, असंच बुद्धभूषणला वाटलं. पण सोमेश्वररावांच्या डोक्यात तसलं काही नव्हतं. पोराला पदाची हौस आली, एवढंच त्यांना समजलं होतं. अडचण दुसरीच होती. मालकांनीही तो निरोप पाहून ‘उत्तम निर्णय’ असं लिहून टाकलं होतं. आता मालकांना खोटं कोण पाडणार? म्हणून पद देणं भाग होतं. पगार देणं मात्र भाग नव्हतं, आणि तेवढ्यासाठी सोमेश्वररावांनी रात्री स्वतः बसून एक पत्र लिहिलं होतं. ते त्यांनी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं.

“सदर कर्मचारी मागील चार वर्षांपासून क्वालिटी इन्चार्ज पदाच्या सर्व जबाबदाऱ्या स्वतंत्रपणे व समाधानकारकरीत्या सांभाळत असल्याने, या नेमणुकीमुळे त्यांच्या कामात कोणतीही वाढ होत नाही. सबब वेतनवाढ देय नाही.”

खाली सही, शिक्का. टाळ्या झाल्या. मीही टाळ्या वाजवल्या असत्या. इतकं चोख कारण मी उभ्या आयुष्यात ऐकलं नाही.

संध्याकाळी त्याची आई पंचफुलाबाई शाल पांघरून हट्ट्यात घरोघरी साखर वाटून आली. “माझं लेकरू साहेब झालं,” म्हणत होती. बुद्धभूषण माझ्यासमोर बसून रडकुंडीला आला होता. “सर, आईला काय सांगू? पगार तेवढाच हाय, अन् आता इथून निघायचीबी पंचाईत.” मला त्याचं फार वाईट वाटलं आणि स्वतःचा रागही आला. मी त्याच्याच फोनवर प्रोफाइलमधले बदल इतरांना कळवायचं बटण बंद केलं. ‘नोकरीच्या शोधात’ ही खूण फक्त भरती करणाऱ्यांनाच दिसेल अशी ठेवली, आणि बजावलं की स्वतःच्या कंपनीतल्यांपासून ती लपेलच, अशी खात्री लिंक्डइनही देत नाही. चोर गेल्यावर कुलूप लावण्यात मी पटाईत आहे.

सोमवारी मुलाखतीत नाशिकच्या पुनम मॅडमनी पहिलाच प्रश्न टाकला. “प्रोफाइलवर तुमचं पद याच महिन्यातलं दिसतंय. आम्हाला निदान तीन वर्षं ही जबाबदारी सांभाळलेला माणूस हवाय.”

बुद्धभूषणने सगळं खरं सांगितलं, आणि ते पत्र कॅमेऱ्यासमोर धरलं. मॅडमनी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा त्या हसू दाबत होत्या.

पंधरा दिवसांत नाशिकचं नेमणूकपत्र आलं. बुद्धभूषणने राजीनामा टेबलावर ठेवला, तेव्हा सोमेश्वररावांनी चष्मा काढून पुसला.

“जाय बापू. पण अनुभवपत्राचं बघू हां, सावकाश. त्याला टाइम लागतो.”

“राहू द्या साहेब. नाशिकवाल्यांला पोचलं ते.”

“कोनी लिहून दिलं? माझ्या परवानगीबिगर?”

“खाली सही बघा ना साहेब,” बुद्धभूषण म्हणाला आणि पत्राची झेरॉक्स त्यांच्यापुढे सरकवली.