दिसणाऱ्या केसांचं माप

आम्ही ब्रश बनवायचो. भिंती रंगवायचे नव्हेत, बाटल्या धुवायचे. कसबा पेठेत घराच्या खालच्या दोन खोल्यांत कारखाना होता, सासऱ्यांनी काढलेला. दूध काचेच्या बाटलीत यायचं तोवर आम्हाला उसंत नव्हती. पुढे दूध पिशवीत आलं, आणि पिशवी कोणी ब्रशाने धूत नाही. उरले कॉलेजांच्या प्रयोगशाळांतल्या नळ्यांचे ब्रश. मुलाने केव्हाच नोकरी धरली होती. तो म्हणायचा, खालच्या खोल्या भाड्याने द्या, दोघं आरामात राहा. आमचे हे त्यावर उठून मशीनवर जाऊन बसायचे, मशीन बंद असलं तरी. पन्नास वर्षांच्या माणसाला दुसरी जागा शोधता येते, सत्तरीच्या माणसाला नाही. कारखाना बंद झाला असता तर हे दिवसभर कुठे बसले असते, एवढाच माझा प्रश्न होता.

त्या सुमारास हिंजवडीकडे कॉम्प्युटरच्या कंपन्या भराभर उभ्या राहत होत्या. एक दिवस तिथली कामं घेणारा एक ठेकेदार हातभर लांबीची पट्टी घेऊन आला. पट्टीला एका बाजूने दाट काळे केस. म्हणाला, "काका, ही बाहेरून येते. तुम्ही बनवाल का?"

ह्यांनी पट्टी उलटीसुलटी केली. "कशाला लागते?"

त्याने समजावलं. मोठ्या कॉम्प्युटरांच्या खोलीत जमिनीवर दुसरी उचललेली जमीन असते. तिच्या खालून थंड हवा सोडतात. वायरी वर यायला त्या जमिनीत भोकं ठेवतात, आणि त्या भोकांतून थंडावा फुकट जातो. म्हणून भोकाच्या दोन्ही कडांना समोरासमोर अशा पट्ट्या लावायच्या. वायर केसांतून वर येते, हवा अडते.

"म्हणजे दाराखालचं पायपुसणं," मी म्हणाले.

"तसंच समजा, काकू."

आम्ही त्याच्या नमुन्याबरहुकूम पट्ट्या करून दिल्या. त्याने त्या एका कंपनीत बसवल्या आणि वर्षभराने येऊन सांगितलं की एक केस गळला नाही. तिथे केस गळणं वाईट, यंत्रांच्या पंख्यात जातात. मग तोच म्हणाला, "मला मध्ये कशाला ठेवता? थेट कंपन्यांना द्या. पण त्यांना जाड पुस्तक नको असतं. एक कागद लागतो. एकच पान."

तो कागद करायचं काम सुनेने घेतलं. ती कॉम्प्युटर कंपनीतच होती, असे कागद रोज तिच्या टेबलावर येऊन पडायचे. रविवारी सकाळी ती पाटावर कागद घेऊन बसली आणि तिचं-ह्यांचं जुंपलं.

ह्यांना वर गणपती हवा होता, त्याखाली सासऱ्यांचा फोटो, मग कारखान्याचा इतिहास, आणि तळाला 'आमच्याकडे सर्व प्रकारचे ब्रश मिळतील'.

"बाबा, ज्याला जमिनीचं भोक बुजवायचंय त्याला बाटलीचा ब्रश कशाला दाखवता?"

"अगं, कळू दे की आम्ही काय काय करतो."

"त्याला ते कळून घ्यायचं नाहीये. त्याला चारच गोष्टी हव्या. ही कशासाठी आहे, माप काय, खरी कशावरून, आणि आता मी काय करू."

"आणि गणपती?"

"गणपती कपाटात राहू दे," मी म्हणाले. "तो काही हिंजवडीला जाणार नाही."

सुनेने पान भरलं. डावीकडे पट्टीचा मोठा फोटो. उजवीकडे मापांचा तक्ता: केस नायलॉनचे, केस ज्यात बसतात तो पन्हळीसारखा चॅनल जस्ताच्या मुलाम्याच्या पत्र्याचा, उंची, लांबी, किती रुंद भोकाला कुठली पट्टी. खाली ज्या कंपनीत पट्ट्या बसल्या होत्या तिथल्या माणसाच्या पत्रातल्या दोन ओळी, त्याला विचारून. त्याने जेवढं पाहिलं तेवढंच: वर्षभर लावल्यात, केस गळले नाहीत. ह्यांना तिथे 'सर्वोत्कृष्ट' घालायचं होतं. सून म्हणाली, "बाबा, सर्वोत्कृष्ट सगळेच लिहितात. ह्या दोन ओळी दुसऱ्या कोणाकडे नाहीत." आग लागली तर पट्टी पेटते का, त्या रकान्यात तिने 'चाचणी केलेली नाही' असं लिहिलं. ह्यांनी तोंड वाकडं केलं, पण लिहू दिलं. सगळ्यात खाली एकच ओळ ठळक: भोकाचं माप फोनवर कळवा, आठ दिवसांत नमुना पोचेल. ह्यांना कारखान्याचा, घराचा आणि मुलाचा असे तीन नंबर द्यायचे होते. तिने एकच ठेवला. तीन दिले तर माणूस कुठलाच लावत नाही, म्हणाली.

दोनशे कागद छापून आले. सुनेने एक कागद आणि एक पट्टी हिंजवडीच्या एका मोठ्या कंपनीत पाठवली. तिथून फोन आला: येत्या गुरुवारी सकाळी भेटायला या, आमची भोकं शंभर मिलिमीटर रुंद आहेत. ह्यांनी इस्त्रीला शर्ट काढला.

मी चौथी शिकले आहे. इंग्रजी मला वाचता येत नाही, आकडे येतात. बुधवारी दुपारी ब्रशांचे केस निवडून झाल्यावर मी तो कागद हातात घेतला. सुनेने मला प्रत्येक आकडा कशाचा ते सांगितलं होतं. केसांपुढे ५० लिहिलं होतं. आणि खाली: शंभरच्या भोकाला पन्नासच्या दोन पट्ट्या.

खोक्यातून पट्टी काढली, पट्टीला फूटपट्टी लावली. केस बेचाळीस भरले.

"अहो, हे पन्नास कुठलं?"

ह्यांना कमी ऐकू यायचं, आयुष्यभर मशीनशेजारी बसून. मी पट्टी आणि कागद दोन्ही नाकासमोर धरलं.

"बरोबर आहे," हे म्हणाले. "चॅनलच्या बुडापासून पन्नास."

आमच्याकडे माप असंच घेत. केस मधोमध दुमडायचे, घडीत तार घालायची, तारेसकट चॅनलमध्ये दाबायचे आणि चॅनल मिटवायचा. मग पट्टी मापाच्या लाकडी गेजावर उभी करून वरचे केस एका रेषेत कापायचे. गेज सासऱ्यांनी केलेलं. त्यावर चॅनलचं बूड टेकतं, म्हणून माप बुडापासून. पत्र्यात गेलेले आठ मिलिमीटर मापात धरलेले. बाटलीवाल्यांना त्याने कधी फरक पडला नाही. ठेकेदाराला आम्ही त्याच्या नमुन्याशेजारी पट्टी ठेवून कापून दिलं, तिथेही नाही. पण इथे चॅनल भोकाच्या कडेवर बसतो. भोकावर आडवे येतात ते नुसते केस.

"बेचाळीस आणि बेचाळीस चौऱ्याऐंशी," मी म्हणाले. "मध्ये सोळा उघडं राहतं. बोट जाईल एवढं."

"वडिलांपासून आपण असंच मोजतो."

"अहो, शिवणीत गेलेलं कापड अंगावर येतं का? बाही मोजताना मी ते धरते का?"

हे म्हणाले, "कोण मोजतंय तिथे."

"इंजिनियर आहेत ते. त्यांना दुसरं काम काय?"

हे उठून मशीनकडे गेले. मला ह्यांच्या पाठीवरून कळतं, राग आहे की दुसरं काही. राग नव्हता. ह्या वयात वडिलांचं माप चुकलं असं स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागणार होतं. मी चहा केला आणि ह्यांच्या चांगल्या कानाशी जाऊन म्हणाले, "त्यांचं माप चुकलेलं नाही. बुडापासूनचं माप आहे ते. कागदावर दोन्ही लिहू. बुडापासून एवढं, दिसायला एवढं."

चहा संपवून ह्यांनी केसांची नवी जुडी सोडली. "साठ करू," म्हणाले. "दिसायला बावन्न. दोन्हीकडून दोन-दोन एकमेकांत शिरतील. नुसते टेकले तर वायरीजवळ फट पडते." मला दोन-दोनचं सुचलं नसतं. ते ह्यांनाच सुचायचं. दिवेलागणीच्या आत दोन पट्ट्या झाल्या. कापताना हलू नये म्हणून गेज मी धरलं. सून कामावरून आली, तिने पायरीवर उभ्याउभ्या सगळं ऐकलं, आणि नव्या कागदावर आकडे बदलून, तक्त्याशेजारी पट्टीचं चित्र काढून त्याला दोन बाण केले. एक लांब, बुडापासूनचा; एक आखूड, दिसणाऱ्या केसांचा. म्हणाली, "आई, माझ्या ऑफिसात कोणी धरली नसती ही चूक."

"तुझ्या ऑफिसात कोणी पोलकी शिवतं का?"

दुसऱ्या दिवशी मनपाच्या स्टँडवरून बस धरून आम्ही दोघं हिंजवडीला गेलो. मी गेले ती ह्यांच्या कानासाठी. काचेच्या इमारतीत खालच्या खोलीत एक मुलगी आली, सुनेच्याच वयाची. इमारतीच्या जमिनी आणि थंड हवा तिच्याकडे. तिच्या फायलीत आमचा जुना कागद होता आणि पन्नासभोवती पेन्सिलीने गोल केलेला.

आम्ही नवा कागद पुढे केला. तिने दोन्ही शेजारी ठेवले.

"काका, ह्यावर पन्नासच्या दोन लिहिलंय. ह्यावर साठच्या. बरोबर कुठलं?"

मी ह्यांच्या कानाशी वाकून प्रश्न सांगितला. उत्तर मीच देणार होते. पण हे सरळ तिच्याकडे बघून म्हणाले, "पहिला चुकला. आम्ही बुडापासून मोजतो, सवय आहे. तुम्हाला दिसणाऱ्या केसांचं माप पाहिजे. हिने काल धरलं." आणि माझ्याकडे बोट केलं. ऐकू कमी येणाऱ्यांचा आवाज मोठा असतो. बाहेरचा वॉचमनसुद्धा वळला.

मुलगी म्हणाली, "आम्ही तुमची पट्टी लावून बघितली होती. अर्ध्या भोकापर्यंत पोचत नव्हती. विचारायलाच बोलावलं होतं."

तिने आमच्या पट्ट्या आत नेल्या. आम्ही बसून राहिलो. ह्यांनी दोनदा विचारलं, "किती वेळ झाला?" मी दोनदा सांगितलं, गप्प बसा. ती आली तेव्हा बोटांवर धूळ होती. केस नीट मिटतात, फट राहत नाही म्हणाली. पण आगीच्या चाचणीचा दाखला लागेल, त्याशिवाय सगळ्या इमारतीचं काम देता येणार नाही. तोवर एका खोलीपुरत्या पट्ट्या द्या. आणि चाचणी केलेली नाही हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, नाहीतर मी दुसऱ्या चार कागदांसारखा हाही बाजूला ठेवला असता.

परतीच्या बसमध्ये ह्यांनी शेंगदाण्याची पुडी माझ्या मांडीवर ठेवली आणि खिडकीबाहेर बघत बसले. औंध गेलं तेव्हा म्हणाले, "एक खोली."

"एक खोली पुरे," मी म्हणाले. "आपल्या तरी दोनच आहेत."

हे हसले. संबंध बसला ऐकू गेलं.

घरी आल्यावर शर्ट न बदलता हे खाली गेले. मी पाणी घेऊन गेले तर सासऱ्यांचं गेज मांडीवर होतं आणि हे त्यावर कानशीने दुसरी रेघ मारत होते, बूड टेकायच्या जुन्या रेघेच्या आठ मिलिमीटर वर, जिथून केस दिसायला लागतात तिथे. जुनीला हात लावला नव्हता.

"नीट धर," म्हणाले. "हलतंय."

मी तांब्या खाली ठेवला आणि गेज धरलं.