कुटुंबाकडून अडचण नाही

त्याला कामावर सगळे ‘ओळंबा’ म्हणायचे. लिफ्टच्या चौकोनी विहिरीत वरपासून खालपर्यंत तारा सोडून, त्यांच्या टोकाला वजनं बांधून लिफ्ट ज्यांवरून सरकते ते रूळ सरळ आहेत की नाहीत हे पाहायचं, यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. केसभर फरक दिसला तरी तो बोल्ट सैल करून पुन्हा मापायला बसायचा. बाकीचे वैतागायचे, पण त्याने बसवलेल्या लिफ्टमध्ये उभं राहिलं की आपण हललोय हेही कळत नसे.

असा हा सरळ माणूस सहा वर्षं घरापासून लांब होता. घर म्हणजे रेल्वेने अकरा तासांवरच्या शहरात दोन खोल्या, चष्म्याच्या दुकानात काम करणारी बायको आणि अकरा वर्षांची मुलगी. बायकोची नोकरी आणि मुलीची शाळा तिथे. याची कामं मात्र आज या गावात, उद्या त्या. महिन्यातून एकदा दोन दिवस घरी. ‘हे एवढं काम उरकलं की झालं,’ हे वाक्य त्याने इतक्यांदा म्हटलं होतं की मुलगी त्याच्या आवाजात त्याची नक्कल करून दाखवायची. मग तिघंही हसायचे.

त्या वर्षी पहिल्यांदाच बायको हसली नाही. म्हणाली, “मला नवरा हवाय रे. पाहुणा नको.”

त्याने ते मनावर घेतलं. घर होतं त्याच शहरातल्या एका मोठ्या लिफ्ट कंपनीला देखभाल विभागाचा प्रमुख हवा होता, म्हणून त्याने अर्ज केला. दोन मुलाखती झाल्या, दोन्ही छान. बायकोने कपाटाचे दोन कप्पे रिकामे केले आणि त्यांचा फोटो पाठवला. फोटोखाली काही लिहिलं नव्हतं. त्याने तो कितीदा उघडून पाहिला असेल, त्यालाच ठाऊक.

त्या सुमारास तो एका चार मजली हॉस्पिटलमध्ये काम करत होता. जुनी लिफ्ट काढून टाकली होती, स्ट्रेचर मावेल अशी नवी बसवायची होती, आणि दुसरी लिफ्ट नव्हतीच. शस्त्रक्रियेची खोली तिसऱ्या मजल्यावर. चार वॉर्डबॉय स्ट्रेचर खांद्याच्या उंचीला धरून, जिन्याच्या वळणावर श्वास कोंडून वर चढायचे. एकदा एक म्हातारी वळणावर ओरडली, “मला खाली ठेवा रे, मी नाही करून घेत ऑपरेशन!” वॉर्डबॉय हसले. ओळंबा हातातला पाना घेऊन तसाच उभा राहिला.

विहिरीची भिंत जुनी आणि दोन बोटं कललेली होती. प्रत्येक मजल्यावर रूळ सरळ राहावेत म्हणून त्यांच्यामागे किती पत्रे घालायचे हे त्याने मोजून मोजून ठरवलं होतं. रूळ बसले होते. दरवाजे, वायरिंग, वजन भरून चाचणी, दोर सुटला तर लिफ्ट जागीच थांबते की नाही याची परीक्षा आणि सरकारी निरीक्षकाची तपासणी, एवढं बाकी. पाच आठवडे.

एका मंगळवारी, डबा खायच्या वेळेला, भरती एजन्सीच्या बाईंचा फोन आला. आवाज तरुण, घाईतला.

“सर, अभिनंदन! कंपनीला तुम्हीच हवे आहात. फक्त एक प्रश्न आहे. तुमच्या सध्याच्या कामाला अजून पाच आठवडे आहेत असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही लगेच, म्हणजे येत्या सोमवारी, इकडे येऊ शकता का? नोटीसचे दिवस कंपनी भरून देईल. मला आज चारपर्यंत ईमेलवर उत्तर हवंय.”

“काम अर्धवट आहे हो.”

“कळतंय, सर. खरं सांगू? तुम्ही ‘हो’ लिहा. मग आठ-दहा दिवस इकडे-तिकडे झाले तर मी सांभाळते. पण ‘नाही’ आलं, तर त्यांच्याकडे दुसरा माणूस तयार आहे.”

त्याने आपल्या साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, “तुला अडवणार नाही. पण तुझ्या जागी द्यायला दुसरा माणूस तीन आठवड्यांनी मोकळा होईल आणि तो आल्यावर सगळं पहिल्यापासून मोजेल. तूही तेच केलं असतंस.”

तो जिन्याच्या पायरीवर बसला आणि अंगठ्याने एकेक अक्षर टिपत उत्तर लिहू लागला.

‘महोदया, या पदासाठी माझी निवड झाली याबद्दल आभारी आहे. मला यायची मनापासून इच्छा आहे. परंतु हॉस्पिटलमधील एकमेव लिफ्टचे काम माझ्याकडे असून सुरक्षा चाचण्या बाकी आहेत. त्यामुळे मला सोमवारी येता येणार नाही. पाच आठवड्यांनंतरच्या सोमवारी मी नक्की रुजू होईन. तोपर्यंत कागदपत्रे व ओळख-भेटीसाठी एखाद्या शनिवारी येऊ शकतो. माझे घर तिथेच असल्याने स्थलांतराचा खर्च नको. कुटुंबाकडून कोणतीही अडचण नाही.’

दोनदा वाचलं. एकही शब्द खोटा नव्हता. पाठवून दिलं आणि पुन्हा कामाला लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. कंपनी थांबू शकत नव्हती. जागा भरली होती. खाली त्या बाईंनी स्वतःची ओळ जोडली होती: ‘वाईट वाटलं, सर.’

संध्याकाळी त्याने बायकोला फोन करून सगळं सांगितलं. आपण काय लिहिलं ते तिला दिसावं म्हणून पत्रही पाठवलं. मनात कुठेतरी वाटत होतं, ती म्हणेल, बरोबर केलंस.

फोनवर तिच्या दुकानाचं शटर खाली ओढल्याचा आवाज आला.

“लिहिलंस ते बरोबरच आहे,” ती म्हणाली. “ती माणसं जिन्यावरून जातात, हे कळतं मला. पण फोन आला तेव्हापासून चारपर्यंत तू साहेबांना विचारलंस. मला विचारलंस का?”

“तू काय वेगळं सांगितलं असतंस?”

“हेच सांगितलं असतं. काम पुरं कर म्हटलं असतं. पण मी म्हटलं असतं ना!” तिचा आवाज फाटला. “‘कुटुंबाकडून अडचण नाही.’ सहा वर्षं आम्ही अडचण केली नाही, म्हणून तू आम्हाला मोजतच नाहीस.”

हॉस्पिटलच्या जिन्याजवळ कोणीतरी फरशी पुसत होतं. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, कारण डोळे भरून आले होते आणि रुमाल वर डब्याच्या पिशवीत राहिला होता.

पाच आठवड्यांनी लिफ्ट सुरू झाली. निरीक्षकाने रिकाम्या लिफ्टच्या जमिनीवर पेन उभं ठेवून ती वर-खाली फिरवली, पेन पडलं नाही, आणि त्याने सही केली. पहिलं स्ट्रेचर वर गेलं तेव्हा वॉर्डबॉयनी टाळ्या वाजवल्या, त्याच्या पाठीवर थापा मारल्या. त्याच रात्रीच्या गाडीने तो घरी गेला.

बायकोने जेवायला वाढलं, प्रवासाची चौकशी केली. मुलगी झोपायला गेल्यावर शांतपणे म्हणाली, “मी रागावले नाहीये. थकलेय. तू परत येशील म्हणून वाट बघायचं आता माझ्याकडून होत नाही.” त्याने हात धरला, चुकलो म्हणाला, पाया पडायचा तेवढा राहिला. तिने हात सोडवून घेतला नाही; पण त्या हातात जीवही नव्हता.

पुढच्या वर्षी त्याला त्याच शहरात, लहानशा कंपनीत नोकरी मिळाली. आता तो तिथेच राहतो, घरापासून दोन गल्ल्या सोडून, भाड्याच्या खोलीत. शनिवारी मुलगी येते, दोघं मिळून स्वयंपाक करतात. मधे एकदा तिची शाळेची सहल होती आणि जायचं की नाही हे त्याने आधी तिलाच विचारलं. ती म्हणाली, “बाबा, असं तेव्हा आईला विचारायचं होतंस.”

तो ‘हो’ म्हणाला आणि कांदा चिरत राहिला.