गणपती जावंदेत, मगे बघूया

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचून दाखवला आणि मी खुर्ची मागे सरकवून उठून उभी राहिले. कुठे जायचं होतं कोण जाणे. दादरच्या त्या दवाखान्यात जायला जागाही नव्हती. बाहेर बाकावर बायका गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या. "बसा," त्या म्हणाल्या, "मी अजून काहीच वाईट सांगितलेलं नाही."

वाईट नाही? आमच्या ऑफिसने वर्षाची आरोग्य तपासणी ठेवली होती, त्यात बायकांची गर्भाशयाच्या तोंडाची पॅप स्मीअर आणि तिच्यासोबत एचपीव्ही नावाच्या विषाणूची चाचणी होती. फुकट आहे म्हणून मी गेले. नाहीतर पाय वर करून असं पडून राहायला मला कुणी जबरदस्ती केली असती तर मी चपलेने मारलं असतं. आणि आता रिपोर्ट म्हणत होता की पेशींमध्ये बरेच बदल दिसतायत आणि विषाणू आहे, त्यातही जास्त धोक्याच्या जातीचा.

"म्हणजे कॅन्सर," मी म्हणाले.

"नाही. ही चाळणी आहे. कुणाला नीट तपासायला हवं ते ती सांगते, आजार काय ते नाही सांगत. तुम्हाला नीट तपासायला हवं, एवढंच आज कळलंय." मग त्यांनी पुढचं सांगितलं. कॉल्पोस्कोपी करायची, म्हणजे दुर्बिणीतून गर्भाशयाचं तोंड बघायचं. संशयाची जागा दिसली तर तिथला बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवायचा. त्या तुकड्याच्या रिपोर्टवर पुढचं ठरेल. "महिनेन् महिने घालवायचे नाहीत. पुढच्या आठवड्यात या."

पुढच्या आठवड्यात. म्हणजे गणपतीच्या अगदी तोंडावर.

मला दुसरं काही ऐकू येत नव्हतं. मला आई दिसत होती.

माझी आई गावी, मालवणाकडे. तिची पाळी जाऊन कितीतरी वर्षं झाली होती आणि एका श्रावणात तिच्या अंगावरून जायला लागलं. ती कुणाला बोलली नाही. वहिनीच्या लक्षात आलं धुण्याच्या कपड्यांवरून. डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणाली, "गणपती जावंदेत, मगे बघूया." गणपती गेले, तर पितृपक्ष लागला. पितृपक्षात आमच्याकडे कुणी नवीन काही सुरू करत नाही, दवाखानासुद्धा. मग नवरात्र, मग भातकापणी, मग दिवाळी. तुळशीचं लग्न लावून ती आमच्याकडे लालबागला आली तेव्हा तिला धड बसवत नव्हतं. परळच्या कॅन्सरच्या इस्पितळात तिला किरणांचे शेक दिले. ते इस्पितळ आमच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ, त्यामुळे मी रोज तिला हाताला धरून नेई. उशीर झालाय, एवढंच तिथले डॉक्टर म्हणाले. पुढचे गणपती तिने पाहिले नाहीत. वडील तेव्हा हयात होते, म्हणून बायका म्हणाल्या, सवाष्ण गेली, नशीबवान. मला त्या बायकांचे केस उपटावेसे वाटले होते.

"माझ्या आईला हाच कॅन्सर होता," मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. "आता माझ्यात आला."

"आईकडून नाही आला," त्या म्हणाल्या. "हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. बहुतेक सगळ्यांना आयुष्यात कधीतरी होतो आणि बहुतेकांचा आपोआप जातोही. काही जणींच्यात तो वर्षानुवर्षं राहतो, तेव्हा पेशी बदलायला लागतात."

शरीरसंबंधातून! घरी गेले ती तशीच नवऱ्यावर तुटून पडले. तो मखराच्या पुठ्ठ्याला सोनेरी कागद चिकटवत बसला होता. बिचाऱ्याला काही कळेना. "कुठे शेण खाऊन आलास?" मी विचारलं. पुठ्ठा त्याच्या हातातच होता आणि त्याचे डोळे भरले. मग मीच रडले. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात फोन करून विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कधी आला ते सांगताच येत नाही. लग्नाच्या वेळचा असेल, त्याच्याही आधीचा असेल, इतकी वर्षं गप्प बसून आता दिसला असेल. यावरून कुणी कुणाला फसवलं हे ठरत नाही. पुरुषांसाठी याची नेहमीची अशी तपासणीही नाही. नवऱ्याला हे सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "मी सुट्टी टाकू का तुझ्याबरोबर यायला?" इतकंच.

पण मी जाणार नव्हते. खरं सांगायचं तर मला कळून घ्यायचंच नव्हतं. आणि न जायला माझ्याकडे कारण होतं, असं तसं नव्हे, देवाचं कारण होतं. तुकडा काढल्यावर थोडे दिवस रक्त जातं, असं त्यांनीच सांगितलं होतं. आमच्या घरी गणपती येतो, गौरी येतात. मोदक मी करते, सुपात फळं-भाज्या घालून गौरीचा ओवसा मी भरते. घरात रक्त जात असलेली बाई नैवेद्याला शिवत नाही. मग गणपतीला उपाशी ठेवायचं का? इतकं सोपं, इतकं पवित्र कारण. ऑफिसला जाताना परळच्या त्या इस्पितळावरून बस जाई. फुटपाथवर गावाकडची माणसं प्लास्टिकवर बसलेली असत, आणि मी तोंड फिरवून दुसरीकडे बघे. लेक शाळेतून आली की तिचं डोकं छातीशी धरून ठेवी. ती म्हणे, आई, सोड ना, काय झालंय तुला? मला वाटे, ही दहावी होईपर्यंत मी असेन का? माझा साबण वेगळा केला, टॉवेल वेगळा केला. असा हा विषाणू लागत नाही हे फोनवर वाचलं होतं, तरी केला. जेवणाची चव गेली. देवासमोर हात जोडले तरी काय मागायचं ते सुचत नसे.

शेवटी दवाखान्यात फोन लावला. बेसिनजवळ उभी राहून, हळू आवाजात. सासूबाई बाजूलाच ओट्याशी बसून नारळ सोलत होत्या, पण त्यांना कमी ऐकू येतं असा माझा समज.

"माझी तारीख पुढे ढकला," मी म्हणाले.

"कधीची देऊ?" तिथली मुलगी म्हणाली. "गणपतीनंतरची?"

"त्याच्यानंतर पितृपक्ष येतो."

"मग नवरात्रात?"

"नवरात्रात घट असतो."

"मॅडम, मग डायरेक्ट दिवाळीनंतर टाकू का?"

"गणपती जाऊ देत, मग बघू," मी म्हणाले.

आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला. तो माझा आवाज नव्हता. तोच स्वर, तोच टाळण्याचा आळस. माझ्या घशातून आई बोलली होती. फोनवरची मुलगी "हॅलो, हॅलो" करत राहिली. "आहे तीच ठेवा," मी म्हणाले. "आहे तीच."

फोन ठेवून वळले तर सासूबाई माझ्याकडेच बघत होत्या. सगळं ऐकलं होतं. मी तिथेच फरशीवर बसले आणि त्यांना सगळं सांगितलं, रक्ताचंसुद्धा. म्हटलं, मोदकांना मी शिवणार नाही, यंदा तुम्ही बघा.

"बोट कापला तर मोदक करूक सोडतंस काय?" त्या म्हणाल्या. "तो विटाळ न्हय गो. ती जखम आसा." आणि नारळ फोडला.

कॉल्पोस्कोपीच्या खोलीत आंबट वास होता. डॉक्टरीणबाईंनी व्हिनेगरसारखं पाणी कापसाने लावलं आणि थांबल्या. पडद्यावर गुलाबी गोल भाग दिसत होता. त्याच्या एका कडेला पांढरा डाग उमटला, आधी फिकट, मग दाट, तांदळाच्या उकडीसारखा. "तिथे पेशी बिघडल्यात," त्या म्हणाल्या. मग आयोडीन लावलं. सगळीकडे तपकिरी रंग चढला, ती कड मात्र पिवळी राहिली. मी माझं मरण असं टीव्हीवर बघत होते. "खोका," त्या म्हणाल्या. मी खोकले आणि चिमटा बसला, मग आणखी एक. नंतर रक्त थांबवायला काहीतरी काळपट लेप लावला. घरी येईपर्यंत ओटीपोटात पाळीसारखं दुखत राहिलं.

गणपती आले. मी मोदक केले. रक्त थोडं जातच होतं. प्रत्येक पाकळी चिमटताना मनात एकच होतं: तुकड्यात काय निघेल? आरतीला सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी मूर्तीकडे रागाने बघत होते. देवावरही रागवायचं असतं, तेवढं तरी नातं असतं.

गौरी गेल्यावर रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. पण त्याच्या अगदी आधीची पायरी होती, सीआयएन तीन. असंच ठेवलं तर पुढच्या काही वर्षांत त्याचा कॅन्सर होण्याची भीती मोठी, म्हणून तेवढा भाग काढून टाकायचा. मिळालेली तारीख पितृपक्षातली होती. चाळीतल्या एका काकूंनी "पितृपक्षात?" म्हणून भुवया वर केल्या. "हो, पितृपक्षातच," मी म्हणाले आणि दार लावून घेतलं.

त्या दिवशी दवाखान्यात आधी बधिर करायचं इंजेक्शन दिलं. तारेचं बारीक कडं, त्यातून वीज, जरासा जळका वास. "झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी विचारलं, काय झालं? "काढलं. आता थोडं पडून राहा आणि घरी जा." एक नारळ खवायला लागतो तेवढाही वेळ गेला नव्हता.

पुढच्या आठवड्यात काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आला. कडा साफ, आत कॅन्सर नाही. सहा महिन्यांनी परत चाचणी, मग पुढची कितीतरी वर्षं अधूनमधून. सुटका झाली असं समजून गायब व्हायचं नाही, असं त्यांनी बजावलं. लेकीला या विषाणूची लस द्या, म्हणाल्या. मी मान डोलावत होते. उठताना दाराशी थांबून विचारलं.

"माझ्या आईलाही आधी असंच असेल? एवढंच?"

डॉक्टरीणबाईंनी फाईल मिटली. "बहुतेक. रक्त जायला लागायच्या बरीच वर्षं आधी. पण तेव्हा त्यांना काही जाणवलं नसणार. तपासल्याशिवाय ते कळत नाही."

नवरा बाहेर बाकावर बसला होता. मी त्याला सांगितलं, सगळं ठीक आहे. त्याने डोळे पुसले. मग मी दवाखान्याच्या पायरीवर बसून मोठमोठ्याने रडले, बायका बघत राहिल्या, मी थांबले नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं की माझी आई फार मोठ्या, कुणाला न झेपणाऱ्या दुखण्याने गेली. नारळ खवायच्या वेळात बरं झालं असतं ते. रोज एक नारळ खवायची ती.